जुन्या मोटारीचें कर्ज : दोन वयांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरांत एकाच गोष्टीची चर्चा चालू होती. वहिनींना आठवड्यांतून दोनदां उपचारासाठीं मूलहून चंद्रपुरास न्यावें लागतें. अंतर सुमारें पंचेचाळीस किलोमीटरांचेंच, पण एस्.टी.चा प्रवास त्यांच्या प्रकृतीस झेपत नाहीं, आणि परततांना दिवस मावळला तर जंगलांतून जाणाऱ्या त्या रस्त्यासाठीं भाड्याची गाडी मिळेल तेव्हां खरी. तेव्हां घरची मोटार हवी हें ठरलें. हातीं शिल्लक दीड लाख रुपये होती, आणि घरखर्च भागवून दरमहा दहा हजारांपर्यंत हप्ता देतां येईल असा अंदाज होता. प्रश्न एवढाच उरला कीं, कर्ज काढून नवी गाडी घ्यावी, कीं वापरलेली घ्यावी?

माझा पुतण्या वापरलेल्या गाडीच्या बाजूचा होता. त्याचा युक्तिवाद सरळ होता : गाडी जितकी जुनी तितकी स्वस्त, आणि जितकी स्वस्त तितका हप्ता कमी. मीं आयुष्यभर मुलांना व्याजाचीं उदाहरणें घातलीं; तरी मलाही हें प्रथम बरोबरच वाटलें. पण बँकेच्या पायऱ्या चढल्यावर दोघांचेंही गणित चुकलें. तें कसें चुकलें हेंच या लेखांत सांगावयाचें आहे. कारण ज्या घरांत असा विचार चालू असेल, तेथेंही हीच चूक होण्याचा संभव आहे.

नव्या मोटारीचें कर्ज देतांना बँकेस तारणाविषयीं शंका नसते. गाडीची किंमत छापील असते, ती पूर्वीं कोणाच्या नांवावर नसते, आणि तिची प्रकृति ठाऊक असते. म्हणून बँक मुख्यतः माणसाकडे पाहते. वापरलेल्या गाडीचें तसें नाहीं. ती किती फिरली, कोठें आपटली, तिच्यावर पूर्वींचा कांहीं बोजा आहे कीं काय, हें सर्व शोधावें लागतें. आणि हप्ते थकून ती जप्त करून विकण्याची पाळी आली तर काय पदरीं पडेल याचा भरंवसा नसतो. विम्याच्या कोष्टकावरूनच पाहा. गाडीचें विमामूल्य ठरवितांना पहिल्या सहा महिन्यांत पांच टक्के, वर्ष भरेपर्यंत पंधरा, दुसऱ्या वर्षीं वीस, तिसऱ्या वर्षीं तीस, चौथ्या वर्षीं चाळीस व पांचव्या वर्षीं पन्नास टक्के घट धरतात. पांच वर्षांनंतर कोष्टकच संपतें, आणि मूल्य विमा कंपनी व मालक यांनीं आपसांत ठरवावयाचें असतें. सावकारास जेथें कोष्टक संपतें तेथें धोका सुरू होतो. आणि धोक्याची किंमत तो तीन प्रकारें वसूल करतो : दर चढवून, आपणांस अधिक रोख घालावयास लावून, आणि मुदत आंखडून.

दराविषयीं थोडक्यांत सांगतों. नव्या मोटारीस मोठ्या बँका अलीकडे साधारण साडेआठ ते दहा टक्क्यांच्या आसपास कर्ज देतात. वापरलेल्या मोटारीस तोच आंकडा अकरांपासून सोळांपर्यंत जातो, आणि कांहीं खासगी कर्जसंस्थांत त्याहूनही वर. हे दर बदलत असतात, आणि अर्जदाराची पूर्वींची परतफेड कशी आहे यावरही अवलंबून असतात. म्हणून अर्जाच्या दिवशींचा दर विचारूनच हिशेब मांडावा.

आतां रोख भरण्याचा, म्हणजे ज्यास सर्वत्र डाउन पेमेंट म्हणतात त्याचा, प्रकार पाहूं. नव्या गाडीची विमा, कर व नोंदणी यांसह जी पूर्ण किंमत होते, तिच्या ऐंशीं-नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज मिळूं शकतें. जुन्या गाडीवर सामान्यतः सत्तर ते ऐंशीं टक्के देतात. पण ते टक्के विक्रेत्यानें सांगितलेल्या किंमतीवर नसून बँकेच्या मूल्यमापकानें ठरविलेल्या किंमतीवर असतात. आम्हीं पाहिलेली पहिली गाडी सहा वर्षांची होती. मालक साडेचार लाख मागत होता. मूल्यमापकानें ती चार लाखांची ठरविली, आणि बँकेनें त्याच्या पंचाहत्तर टक्के, म्हणजे तीन लाख, देऊं केले. म्हणजे आमच्या पदरचे दीड लाख लागणार. मागितलेल्या किंमतीच्या मानानें पंचवीस नव्हे, तर तेहतीस टक्के. गंमत अशी कीं, साडेसात लाखांच्या नव्या गाडीवर बँक ऐंशीं टक्के, म्हणजे सहा लाख, देत होती. तेथेंही रोख दीड लाखच! गाडीची किंमत चाळीस टक्क्यांनीं उतरली, पण खिशांतून जाणारी पहिली रक्कम एका पैशानेंही उतरली नाहीं.

यापुढें मुदतीचा प्रश्न, आणि आमची खरी चूक येथेंच झाली. जुन्या गाडीच्या कर्जांत बँक गाडीचें आजचें वय पाहून थांबत नाहीं. शेवटचा हप्ता फिटेल त्या दिवशीं तें किती असेल हें ती पाहते. बहुतेक ठिकाणीं ही मर्यादा आठ ते दहा वर्षांची असते. आमच्या बँकेची दहा वर्षांची होती. सहा वर्षांच्या गाडीस म्हणून चार वर्षांहून अधिक मुदत मिळणें शक्य नव्हतें. तीन लाख, दर चौदा टक्के, अठ्ठेचाळीस हप्ते : दरमहा सुमारें ८,२०० रुपये.

पुतण्याच्या मनांत मात्र दुसरी एक गाडी भरली होती. ती आठ वर्षांची, आणि मागणी केवळ तीन लाख वीस हजारांची. मूल्यमापन झालें दोन लाख ऐंशीं हजारांचें, आणि त्याच्या सत्तर टक्के म्हणजे १,९६,००० रुपये कर्ज. रक्कम पहिल्या गाडीहून एक लाखानें कमी. पण गाडीला दहा वर्षें पुरीं व्हावयास दोनच वर्षें उरलीं असल्यामुळें फेड चोवीस हप्त्यांत करणें भाग होतें. त्याच चौदा टक्क्यांनीं हप्ता निघाला सुमारें ९,४००! स्वस्त गाडीचा हप्ता महाग गाडीच्या हप्त्याहून बाराशेंनीं जड. नव्या गाडीचें सहा लाखांचें कर्ज नऊ टक्क्यांनीं सात वर्षांच्या मुदतीनें घेतलें तर हप्ता सुमारें ९,६५० पडत होता. म्हणजे आठ वर्षांच्या गाडीस जवळजवळ नव्या गाडीचाच हप्ता. “काका, हें तर उलटेंच झालें!” असें पुतण्या उद्गारला. उलटें झालें नव्हतें. आम्हीं किंमतीचें वय मोजलें होतें, बँकेनें मुदतीचें.

येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गाडीचें वय कारखान्यांतून निघाल्या महिन्यापासून मोजावयाचें, कीं नोंदणीच्या तारखेपासून, याविषयीं सर्व संस्थांचा नियम एक नसतो. डिसेंबरांत तयार होऊन मार्चांत नोंदलेल्या गाडीच्या बाबतींत तीन-चार हप्त्यांचा फरक पडूं शकतो. नोंदणीपुस्तकांत दोन्ही नोंदी असतात. त्या दाखवून बँकेस आधींच विचारावें.

गाडीच्या वयाबरोबर माणसाचेंही वय आहे. कर्जदार किमान एकवीस वर्षांचा असावा असा सामान्य नियम. आणि शेवटच्या हप्त्याच्या वेळीं नोकरदारास साठ व स्वतंत्र धंदेवाल्यास पासष्ट ही मर्यादा पुष्कळ ठिकाणीं दिसते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस कांहीं बँका याहून पुढेंही सवलत देतात. मी सहासष्ट वर्षांचा. सात वर्षांचें नव्या गाडीचें कर्ज माझ्या नांवें फिटावयास मी त्र्याहत्तरीस पोंचलों असतों, आणि आमच्या बँकेस तें मान्य नव्हतें. म्हणून अर्ज पुतण्यानें केला. एकत्र कुटुंबांत गाडी वडील माणसाच्या नांवें व कर्ज मुलाच्या नांवें अशी व्यवस्था कोणी योजील तर ती चालत नाहीं. ज्याच्या नांवें नोंदणी, तोच कर्जदार किंवा निदान सहकर्जदार असावा लागतो.

याच सुमारास एका दलालानें आम्हांस “नऊ टक्क्यांनीं” कर्ज मिळवून देण्याचें वचन दिलें. बँक चौदा म्हणते आणि हा नऊ! कागदावर हिशेब मांडला तेव्हां उलगडा झाला. तीन लाखांवर नऊ टक्क्यांप्रमाणें चार वर्षांचें व्याज एक लाख आठ हजार. तें मुद्दलांत मिळवून अठ्ठेचाळिसांनीं भागिलें कीं हप्ता ८,५००. बँकेचा हप्ता ८,२००. मग नऊ टक्के स्वस्त कसे? कारण येथें व्याज चारही वर्षें पूर्ण तीन लाखांवर आकारलें आहे, वास्तविक मुद्दल मात्र दरमहा घटत असतें. घटत्या शिलकीवर मोजलें तर हा दर जवळजवळ सोळा टक्के भरतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना व कर्जसंस्थांना प्रत्येक वैयक्तिक कर्जदारास कर्जाच्या मुख्य अटींचें पत्रक द्यावें लागतें. त्यांत सर्व शुल्क धरून पडणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. तोंडी आंकड्यांची तुलना न करतां तो दर व हप्त्यांची एकूण बेरीज यांचीच तुलना करावी. जुन्या गाडीचें कर्ज बहुधा स्थिर दराचें असतें. तेव्हां मुदतीपूर्वीं फेडल्यास आकार पडतो काय, हेंही त्याच पत्रकांत पाहावें.

शेवटीं आम्हीं सहा वर्षांचीच गाडी घेतली. रोख व हप्ते मिळून ती सुमारें पांच लाख त्रेचाळीस हजारांस पडेल; नवी नऊ लाख साठ हजारांस पडली असती. यांत वाढीव दराचा भुर्दंड किती? हेंच कर्ज नऊ टक्क्यांनीं मिळालें असतें तर व्याजांत पस्तीस हजार वांचले असते. तेवढें सोसण्यासारखें वाटलें. कारण चार वर्षांनीं आम्ही ऋणमुक्त होऊं, नव्या गाडीचे हप्ते तेव्हां आणखी तीन वर्षें उरले असते. मात्र गाडी त्या वेळीं दहा वर्षांची असेल, आणि तिची दुरुस्ती वाढेल, हें विसरून चालणार नाहीं. म्हणून हप्त्यांतून वांचणारे दीड हजार रुपये दरमहा वेगळे ठेवण्याचें ठरलें आहे.

सौदा पुरा करण्यापूर्वीं एक अडचण निघालीच. विक्रेत्यानें आपलें कर्ज फेडलें होतें, पण नोंदणीपुस्तकावरील बोजा उतरविला नव्हता. त्याच्या बँकेचें ना-हरकत पत्र व नमुना ३५ दाखल होईपर्यंत आमच्या बँकेनें पैसा सोडला नाहीं. त्यानंतर हस्तांतरासाठीं नमुने २९ व ३०, आणि आमच्या बँकेच्या बोजासाठीं नमुना ३४. यांत तीन आठवडे गेले, आणि तेवढे दिवस वहिनी भाड्याच्या गाडीनेंच चंद्रपुरास गेल्या. नोंदणीपुस्तक आम्हीं पहिल्याच दिवशीं उघडून पाहिलें असतें, तर त्यांची ती यातायात टळली असती.