पहाटेची वाढलेली साखर आणि रात्री तीनचं रीडिंग

रात्री झोपताना साखर १४६. त्यानंतर पोटात फक्त पाणी. सकाळी उपाशीपोटी तपासली तर २१०. काही न खाता साखर वाढलीच कशी, हा प्रश्न मधुमेह असलेल्या घरात हमखास पडतो. मग ‘रात्री लाडू खाल्लास का?’ अशी उलटतपासणी सुरू होते. बहुतेक वेळा लाडू निर्दोष असतो. ही साखर यकृतानं रक्तात सोडलेली असते. ती का सोडली, हे मात्र दर वेळी सारखं नसतं.

पहिलं कारण अगदी नैसर्गिक आहे. पहाटे तीन-चारच्या सुमारास शरीर उठायच्या तयारीला लागतं. ग्रोथ हार्मोन रात्रीच स्रवलेलं असतं, पहाटे कॉर्टिसॉलही वाढतं. ही संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा जोर कमी करतात. हे सगळ्यांच्याच शरीरात घडतं. निरोगी माणसाचं स्वादुपिंड त्याच वेळी थोडं जास्त इन्सुलिन सोडतं, म्हणून त्याला पत्ताही लागत नाही. मधुमेहात ही जोड मिळत नाही आणि साखर चढते. याला डॉक्टर ‘डॉन फिनॉमिनन’ म्हणतात.

दुसरं कारण याच्या उलट टोकाचं. रात्रीचं इन्सुलिन किंवा काही गोळ्या जास्त झाल्या, की मध्यरात्रीनंतर साखर ७० च्या खाली घसरते. शरीर घाबरून ॲड्रेनलिन आणि ग्लुकागॉन सोडतं, यकृत साखर ओततं आणि सकाळी आकडा उंच दिसतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे, मूळचे हंगेरीचे जीवरसायनतज्ज्ञ मायकेल सोमोजी यांनी १९३०च्या दशकात हा विचार मांडला, म्हणून त्याला ‘सोमोजी इफेक्ट’ नाव पडलं.

सकाळचा आकडा दोन्हीकडे सारखाच. उपाय मात्र विरुद्ध. पहिल्यात औषध वाढवावं लागेल किंवा त्याची वेळ बदलावी लागेल, दुसऱ्यात कमी करावं लागेल. नुसत्या सकाळच्या आकड्यावर डोस वाढवला आणि कारण दुसरं निघालं, तर पुढच्या रात्री साखर आणखी खोल जाते.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. साठीच्या एक काकू रात्री आठला, जेवणाआधी, ३०/७० मिक्स इन्सुलिन घेतात. सकाळची साखर २१०. मुलगा म्हणतो, ‘चार युनिट वाढवू या.’ डॉक्टर म्हणतात, ‘थांबा. आधी तीन रात्री मोजा: झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्याबरोबर.’ जेवण आणि डोस नेहमीचाच ठेवायचा, हात धुऊन, पुसून मगच बोट टोचायचं.

तीनचं रीडिंग १४० आणि सकाळी २१० आलं असतं, तर पहाटेची संप्रेरकं किंवा सकाळपर्यंत ओसरलेलं इन्सुलिन कारण ठरलं असतं. तीनलाच २०० असतं, तर उशिराच्या जड जेवणाकडे किंवा अपुऱ्या डोसकडे बोट दाखवता आलं असतं. काकूंचं आलं ६२. मिक्समधला सावकाश चालणारा भाग साधारण चार ते दहा तासांनी जोरात असतो. म्हणजे आठचं इन्सुलिन मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत जोरात, आणि सकाळ होता होता ओसरायला लागलेलं. डॉक्टरांनी रात्रीचा डोस वाढवला नाही, उतरवला.

६२ दिसल्यावर ‘बघू सकाळी किती चढते’ म्हणून थांबायचं नाही. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्या रात्रीनंतरचा सकाळचा आकडा मग पुरावा म्हणून बाद होतो, कारण त्यात आता आपणच घेतलेली साखर मिसळली. बिघडत काही नाही. रात्रीची साखर ७० च्या खाली जाते एवढं कळलं, की औषधाचा फेरविचार करायला तेवढं पुरेसं असतं.

सोमोजींच्या कल्पनेवर आता बराच संशय आहे. दंडावर सेन्सर लावून रात्रभर साखर नोंदवली, तेव्हा रात्री साखर घसरलेल्या बहुतेकांची सकाळचीही कमीच आढळली. उसळी दिसते तिथे कित्येकदा घाबरून खाल्लेल्या चार बिस्किटांचा हात असतो. माझ्या मते उसळीचं नाव काहीही द्या, रात्रीची घसरण शोधणं महत्त्वाचं. ती नेहमी जाणवतेच असं नाही. घामानं भिजलेली उशी, वाईट स्वप्नं, सकाळची डोकेदुखी या खुणा आहेत. जुना मधुमेह असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर त्याही पुसट होतात.

सेन्सर असेल तर तीनचा गजर नको. पण सेन्सरच्याच कुशीवर झोपल्यास दाबामुळे तो खोटी कमी साखर दाखवतो. शंका आली की बोट टोचून खात्री करा, आणि तीनचं रीडिंग हाती नसताना रात्रीचं इन्सुलिन स्वतःच्या मनानं वाढवू नका.