प्रोग्राम म्हणतो ‘काम यशस्वी’, पण संदेश शून्य! बिघाड ओळखायचा कसा?

समुद्रात मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, याचा अंदाज हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे केंद्र देते. उपग्रहांनी टिपलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून प्रत्येक बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली सांगितली जाते. समजा, एक प्रोग्राम ही माहिती रोज घेऊन मालवण, देवगड, वेंगुर्ला परिसरातील मच्छीमारांना मोबाइलवर पाठवतो. एके दिवशी त्याने शून्य संदेश पाठवले आणि ‘काम यशस्वी’ अशी नोंद केली. संदेश आला नाही, म्हणजे आज अंदाजच नसेल, असे समजून मच्छीमार अंदाजाविना होडी लोटतो आणि डिझेल जाळतो.

शून्य म्हणजे बिघाडच का?

नाही. आकाश ढगाळ असेल तर उपग्रहाला खालचे पाणी दिसत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळातही अंदाज दिले जात नाहीत. तेव्हाचे शून्य खरे असते. पण मूळ तक्त्यातील रकान्याचे नाव किंवा तारीख लिहिण्याची पद्धत बदलली, तर प्रोग्रामला कामाची एकही ओळ सापडत नाही. वाचायलाच काही नसल्याने चूकही दिसत नाही.

फरक कसा कळतो?

आधीच्या फेऱ्यांवरून. समजा, नोव्हेंबरात मागील १४ दिवस रोज ९ ते १२ बंदरांची माहिती गेली आणि पंधराव्या दिवशी शून्य आले, तर त्याच दिवशी इशारा हवा. सप्टेंबरात मात्र १४ पैकी ५ दिवस शून्य असतील, तर आणखी एका शून्याने फारसे कळत नाही. ढग अनेकदा सलग काही दिवस राहतात. म्हणून आधी सलग शून्याचे जास्तीत जास्त ३ दिवस गेले असतील, तर चौथ्या दिवशी इशारा द्यावा.

कारण कुठे शोधायचे?

प्रत्येक फेरीत दोन आकडे नोंदवावेत: किती ओळी आल्या आणि किती पुढे गेल्या. १२ आल्या आणि शून्य गेल्या, तर ओळी आपल्या प्रोग्राममध्येच गळाल्या आहेत. शून्यच आल्या, तर मूळ तक्ता उघडून पाहावा.

फसगत कुठे होते?

बिघाड दोन आठवडे टिकला, तर मागील १४ नोंदी शून्याच्याच होतात आणि शून्यच नेहमीचे वाटू लागते. म्हणून इशारा दिलेल्या फेऱ्या तुलनेतून वगळाव्यात. तसेच १ ऑगस्टची तुलना जुलैशी न करता मागच्या वर्षीच्या ऑगस्टशी करावी. आणि प्रोग्राम चाललाच नाही, तर शून्यही नोंदले जात नाही. ठरलेल्या वेळी नोंद आली की नाही, हे वेगळे तपासावे लागते.