खाडीच्या मातीवरचा पाया: आधी बोटभर, मग वीतभर

नवी मुंबई, उरण, पनवेलच्या खाडीकाठाला बोअर मारला की वरच्या भरावाखाली काळसर, मऊ माती लागते. बोटाने दाबली तर सहज रुतते. तिला सगळे ‘मरीन क्ले’ म्हणतात. ही माती घर एका दिवसात पाडत नाही, पण वर्षानुवर्षे बसू देते. गंमत अशी, की पायाचा हिशेब बहुतेकदा पहिल्या धोक्यासाठी केला जातो आणि घराला तडे जातात ते दुसऱ्यामुळे.

एक छोटा पाया घेऊन हिशेबच मांडू. आकडे उदाहरणापुरते असले, तरी खाडीच्या मातीला शोभणारे आहेत. साध्या घराच्या एका कॉलमवर २० टन भार येतो. खाली २ मीटर बाय २ मीटरचे फूटिंग, म्हणजे चौरस मीटरला ५ टन दाब. फूटिंगच्या तळापासून ५ मीटर जाडीची मऊ चिकणमाती आणि तिच्याखाली मुरूम. मातीची ताकद चौरस मीटरला अडीच टन. भारक्षमतेचे नेहमीचे सूत्र लावून तिपटीची सुरक्षितता ठेवली, तर ५ टन जेमतेम बसतात. ‘बेअरिंग पास’ म्हणून सही होते, आणि खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

भार आला की माती लगेच थोडी बसते. एवढ्या थोड्या वेळात चिकणमातीतून पाणी बाहेर पडूच शकत नाही, त्यामुळे तिचे घनफळ घटत नाही, नुसता आकार बदलतो. फूटिंगखालची माती दबते आणि बाजूला किंचित फुगते. हे बसणे मातीच्या कडकपणावर ठरते. आपल्या उदाहरणात ते सुमारे १२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बोटाच्या जाडीएवढे येते. तेही स्लॅबमागून स्लॅब चढताना हळूहळू होते, आणि गवंडी पुढचा थर लावताना ओळंबा-लेव्हल साधतोच. त्यामुळे ते कोणाच्या डोळ्यावर येत नाही. बांधकाम संपल्यावर ‘पाया हललासुद्धा नाही’ असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, ते या टप्प्याबद्दल खरे असते.

दुसरा टप्पा पाण्याचा. या मातीत कणांनी जेवढी जागा व्यापलेली असते, तिच्या दुप्पट जागा पाण्याची असते. १०० किलो कोरड्या मातीमागे पाऊणशे किलो पाणी. नवा भार आला की सुरुवातीला तो हे पाणीच उचलते. फूटिंगखाली अर्ध्या मीटरवर बारीक नळी खोचली, तर तिच्यात पाणी नेहमीच्या पातळीहून सुमारे ३ मीटर वर चढायला हवे. मग हा वाढीव दाब पाण्याला मुरुमाकडे आणि वरच्या भरावाकडे ढकलत राहतो. पाणी निघते, कण जवळ येतात, माती आकसते. यालाच दृढीकरण किंवा कन्सॉलिडेशन म्हणतात. कार्ल टर्झागीने त्याचे गणित १९२०च्या दशकात मांडले आणि आजही तेच वापरतात.

किती बसेल? इथे एक चूक फार होते. ५ मीटरचा थर एकच धरून त्याच्या मध्यावरचा दाब घेतला, तर उत्तर १५ सेंटिमीटर येते. तोच थर एकेक मीटरच्या पाच चकत्या करून मोजला, तर २१ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर. कारण फूटिंगचा दाब खोलीबरोबर झपाट्याने पसरतो आणि विरतो. पहिल्याच मीटरात एकूण बसण्याचा जवळजवळ निम्मा भाग घडतो, आणि मध्यावरच्या एका आकड्यात तो दडून जातो. काटेकोर दुरुस्त्या लावल्या तर २१ चे १७ होतील. पण सुट्या फूटिंगला चिकणमातीवर भारतीय मानक ७५ मिलिमीटरपर्यंतच सूट देते. म्हणजे ताकदीत पास झालेला पाया बसण्यात सपशेल नापास.

फूटिंग मोठे केले तर? ३ मीटर बाय ३ मीटर करून बघा. खर्च दुपटीहून वाढतो, दाब निम्म्याहून कमी होतो, आणि दृढीकरण मात्र २१ वरून १४ सेंटिमीटरवरच येते. मोठ्या फूटिंगचा दाब अधिक खोलवर पोचतो म्हणून हा तोटा.

आता वेळ. प्रयोगशाळेत या मातीची २० मिलिमीटर जाडीची चकती ईडोमीटरमध्ये ठेवतात, वर-खाली सच्छिद्र दगड लावतात आणि भार टप्प्याटप्प्याने दुप्पट करत नेतात. आपल्या उदाहरणातली चकती पाऊण तासात नव्वद टक्के बसते. जमिनीतल्या ५ मीटरच्या थराला तेवढेच बसायला सव्वापाच वर्षे लागतात, निम्मे बसायला सव्वा वर्ष. पाण्याला जेवढे अंतर कापायचे त्याच्या वर्गाने वेळ वाढतो, म्हणून हा फरक. आणि तळाला मुरुमाऐवजी पाणी न सोडणारा थर असला, तर पाण्याला एकच वाट उरते आणि सव्वापाचाची एकवीस वर्षे होतात. बोअर लॉगमधली ‘तळाला काय लागले’ ही एक ओळ म्हणूनच वाचण्यासारखी असते.

नमुनाही महत्त्वाचा. पातळ भिंतीची नळी हळुवार दाबून काढलेला अखंड तुकडा असेल तरच ईडोमीटरचे आकडे विश्वासाचे. ठोकून काढलेल्या, हलवाहलवीत कुस्करलेल्या मातीचा दबण्याचा आकडा खोटा, बहुधा कमी येतो आणि घर प्रत्यक्षात जास्त बसते.

पण खाडीकाठी सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो भराव. भरतीचे पाणी येऊ नये म्हणून प्लॉटवर १ मीटर मुरूम टाकला, तर त्याचा दाब चौरस मीटरला १.८ टन. फूटिंगच्या ५ टनांपुढे किरकोळ वाटतो ना? पण भराव सगळ्या प्लॉटभर पसरलेला असतो, त्यामुळे त्याचा दाब खोलीबरोबर विरत नाही, पाचही मीटर मातीवर पुरता पडतो. आपल्याच मातीवर हा एकटा मीटरभर भराव २५ सेंटिमीटर बसवतो, म्हणजे घराच्या फूटिंगहूनही जास्त! म्हणून खडकापर्यंत पाइल नेलेल्या इमारती जागच्या जागी असतात आणि त्यांच्या भोवतालची जमीन खाली जाते. पायऱ्या आणि प्लिंथमध्ये फट पडते, ड्रेनेजचा पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथे निखळतो.

सुट्या फूटिंगच्या घरात सगळे कॉलम सारखेच बसले तर फारसे बिघडत नाही, पण तसे होत नाही. दोन शेजारच्या कॉलममध्ये ४ मीटर अंतर असेल, तर मानक ६ मिलिमीटरचाच फरक मान्य करते. फरक वाढला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो आणि दरवाजे घासू लागतात. तडा प्लास्टरचा की पायाचा, हे ठरवायला त्यावर काचेची पट्टी जिप्समने चिकटवून तारीख लिहा. पट्टी फुटली तर हालचाल सुरू आहे. मग कॉलमवर खुणा करून दर तीन महिन्यांनी लेव्हल घ्या. वाढीचा वेग दरवेळी कमी होत असेल तर ते दृढीकरण आहे आणि ते थंडावेल. वेग तोच राहिला किंवा वाढला, तर कारण वेगळे आहे आणि तज्ज्ञाला बोलवायची वेळ आली आहे.

उपाय बहुधा बांधण्याआधीचे असतात. भराव आधी टाकून माती बसू द्यायची, घाई असेल तर जादा भराव आणि मातीत उभ्या निचरापट्ट्या घालून पाण्याची वाट मीटर-दीड मीटरवर आणायची, नाहीतर पाइल. खाडीकाठी घर बांधत असाल, तर माती-तपासणीच्या अहवालात नुसता सेफ बेअरिंगचा आकडा घेऊन गप्प बसू नका. ईडोमीटरचे निकाल, भरावासकट एकूण बसणे आणि त्याला लागणारी वर्षे, हे तीन आकडे लेखी मागा.