जोडीच्या तारा आणि दोन सेकंद

तंबोरा लावताना जोडीच्या तारा जवळपास जुळत आल्या, की आवाज सरळ राहत नाही. तो फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. समजा षड्ज काळी एकचा आहे. एक तार सेकंदाला १३८.६ वेळा कंप पावते आणि दुसरी १३८.१ वेळा. फरक अर्ध्या कंपनाचा, म्हणून दोन्ही तारा एकमेकींना साथ देत सुरू होतात, हळूहळू उलट जातात आणि पुन्हा साथीला येईपर्यंत दोन सेकंद उलटतात. शाळेच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. तंबोरा लावणाऱ्यासाठी ती मणी किंचित सरकवायची खूण असते.

आता हा आवाज अर्धाच सेकंद ऐकला तर? तेवढ्यात तो थोडासा उतरतो. पण छेडलेल्या तारेचा आवाज एरवीही विरतच जातो, त्यामुळे हे उतरणं कशाचं ते सांगता येत नाही. फरक अर्ध्या कंपनाऐवजी एक दशांश असेल, तर एक फेरा पुरा व्हायला दहा सेकंद लागतील. ढोबळ हिशेब असा: दोन स्वरांमधला फरक हर्ट्झमध्ये घ्या आणि एक भागिले तो फरक करा, जितके सेकंद येतील, तितका वेळ ऐकावंच लागतं.

उलट बाजूने जाऊन बघा. तंबोऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून फक्त पाच मिलिसेकंदांचा तुकडा कापा आणि वाजवा. ‘टक्’ एवढंच ऐकू येईल, षड्ज नाही. या स्वराचं एक आवर्तनही तेवढ्यात पुरं होत नाही, हे एक कारण झालं. पण जास्त महत्त्वाचं कारण निराळं आहे. शुद्ध स्वराची लाट दोन्ही बाजूंना अखंड चालत राहते. ती एका चिमुकल्या जागेत कोंडायची, तर बाहेर सगळीकडे तिला पुसून टाकणाऱ्या इतर लाटा मिसळाव्या लागतात. तुकडा जितका आखूड, तितक्या जास्त निरनिराळ्या वारंवारता लागतात. पाच मिलिसेकंदांच्या तुकड्यात हा पसारा सुमारे २०० हर्ट्झचा होतो. षड्ज त्यात विरघळून जातो.

हंगेरीत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या डेनिस गॅबर यांनी १९४६ साली हा व्यवहार नेमका मांडला. वेळेतला पसारा आणि वारंवारतेतला पसारा यांचा गुणाकार एका ठरावीक किमतीच्या खाली जाऊच शकत नाही, आणि ती किंमत गाठते फक्त घंटेच्या आकारात चढणारी-उतरणारी लाट. गणित क्वांटम भौतिकीतल्या हायझेनबर्ग यांच्या तत्त्वाचंच आहे. इथे मात्र अणूबिणू काही लागत नाही, एक तार पुरते.

संगणकावर गाण्याचा आलेख काढणाऱ्यांची या ठिकाणी हमखास फसगत होते. माझीही झाली. आलेख काढताना एका वेळी किती लांबीचा तुकडा तपासायचा, ते आपणच ठरवायचं असतं. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणातले १,०२४ नमुने घेतले, की तुकडा २३ मिलिसेकंदांचा होतो. तबल्याचा प्रत्येक बोल बारीक उभ्या रेघेसारखा दिसतो, पण षड्ज आणि कोमल रिषभ एकाच जाड पट्ट्यात गडप होतात, कारण त्यांच्यातलं अंतर जेमतेम आठ हर्ट्झ आहे. १६,३८४ नमुने घेतले, की दोघांच्या वेगळ्या रेघा उमटतात. मात्र तुकडा आता ३७२ मिलिसेकंदांचा झाला. सेकंदाला आठ स्वरांची तान असेल, तर त्यात तीन स्वर मावतात, आणि गायकाने ते एकदम लावल्यासारखे दिसतात! तबल्याचे बोलही आडवे फासले जातात. मग मी आखूड तुकड्याला शून्यांची शेपटी जोडून पाहिली. आलेख गुळगुळीत झाला, पट्टा तेवढाच जाड राहिला. नवा आवाज आत आलाच नव्हता.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. आवाजात एकच शुद्ध स्वर आहे हे आधीच ठाऊक असेल आणि गोंगाट कमी असेल, तर आखूड तुकड्यातूनही त्याची वारंवारता बारकाईने काढता येते, जशी जाड रेघेचीही मध्यरेषा सापडते. अडतं ते शेजारी-शेजारी असलेले दोन स्वर वेगळे करताना.

मग द्रुत तानेतला कोमल रिषभ आपल्याला कळतो कसा? तिथे एक स्वर १२५ मिलिसेकंद टिकतो आणि आठ हर्ट्झचा फरक ओळखायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे अगदी काठावर. पण गळ्यातून मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट वारंवारतेचे स्वरही निघतात. पाचव्या स्वरांशात आठाचा फरक चाळीसच्या वर जातो, आणि त्याला २५ मिलिसेकंद पुरतात. तंबोऱ्याचंही तसंच आहे. जवारी चांगली लागली, की वरचे स्वरांश स्पष्ट ऐकू येतात. आपल्या जोडीच्या तारांचे पाचवे स्वरांश अडीच हर्ट्झने वेगळे असतात, म्हणून त्यांचं हेलकावणं ०.४ सेकंदात कळतं. मुरलेला माणूस मूळ षड्जाच्या दोन सेकंदांची वाट न पाहता मणी सरकवून मोकळा होतो.