करारातला ‘हू’ कोणाकडे बोट दाखवतो?

दुकानगाळ्याचा असो की माल पुरवठ्याचा, आपल्याकडे बरेच करार इंग्रजीत लिहिले जातात. सही करणारा रक्कम पाहतो, मुदत पाहतो आणि पान उलटतो. ‘हू’, ‘हूम’, ‘दॅट’, ‘विच’ यांच्याकडे त्याचे लक्ष जात नाही.

यांपैकी ‘हूम’ची चूक फार वेळा दिसते, पण ती निरुपद्रवी असते. ‘एनी पर्सन हूम द लायसेन्सर बिलीव्ज इज अनफिट’ हे भारदस्त वाटले तरी चुकीचे आहे. ‘लायसेन्सर बिलीव्ज’ एवढे शब्द क्षणभर झाका. उरते ‘ही इज अनफिट’. ‘ही’ बसतो तिथे ‘हू’ हवा. याउलट ‘लायसेन्सर अपॉइंट्स हिम’ असा अर्थ असेल, तर ‘हूम द लायसेन्सर अपॉइंट्स’ बरोबर. चूक राहिली तरी कलमाचा अर्थ बदलत नाही.

‘पर्सन हू’ असे लिहिल्यावर कंपनी त्यातून सुटते का? ‘पर्सन’ची व्याख्या कशी केली आहे, यावर ते ठरते. १८९७च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये ‘पर्सन’ या शब्दात कंपनीही धरली आहे. पण तो कायदा आहे कायद्यांचा अर्थ लावण्यासाठी. खासगी करारात ती व्याख्या वेगळी लिहून घेतलेली बरी. व्याख्येत कंपनी आली, की ‘हू’ माणसांसाठीच असतो असे म्हणून तिला अंग काढून घेता येत नाही. ‘एनी पर्सन ऑर कंपनी’ असे जोडीने आले, तर ‘दॅट’ दोघांनाही चालतो. माणसासाठी ‘दॅट’ वापरणे अशुद्ध नाही.

पण हाच ‘दॅट’ एका ठिकाणी घात करतो. ‘एनी डायरेक्टर ऑफ अ कंपनी दॅट हॅज डिफॉल्टेड’ यांना काम द्यायचे नाही, असे कलम समजा. कर्ज कोणी थकवले? संचालकाने की कंपनीने? स्वतःचे सगळे हप्ते वेळेवर भरलेला, पण बुडीत कंपनीच्या संचालक मंडळावर असलेला माणूस एका अर्थाने बाद होतो, दुसऱ्या अर्थाने पात्र ठरतो. मराठीत ‘जो’ म्हटले की संचालक, ‘जी’ म्हटले की कंपनी. इंग्रजीत ही फोड ‘हू’ आणि ‘विच’ करतात; ‘दॅट’ ती पुसून टाकतो.

तरी एवढा भार एका शब्दावर टाकू नये, असे मला ठामपणे वाटते. कंपनीलाही ‘हू’ लावणारे लोक आहेत, आणि समोरचा वकील नेमका तोच मुद्दा काढू शकतो. त्यापेक्षा वाक्यच फिरवून घ्यावे. कंपनीची थकबाकी अभिप्रेत असेल, तर ‘एनी डायरेक्टर ऑफ अ डिफॉल्टिंग कंपनी’. संचालकाची असेल, तर ‘एनी डायरेक्टर हू हॅज पर्सनली डिफॉल्टेड’. मसुदा कच्चा असतानाच ही दुरुस्ती मागावी, कारण सह्या झाल्यावर शब्द बदलायला दुसऱ्या बाजूची संमती लागते.