फाशावरचे पाच ठिपके

मधल्या सुट्टीत सापशिडीचा डाव रंगला होता. चौथीतल्या एका मुलीने फासा टाकला, पाच पडले. बाकीच्या पोरांना ते पाच नुसते दिसले. तिने मात्र ठिपक्यांवर बोट ठेवून मोजले: एक, दोन, तीन, चार, पाच. दोन डावांनंतर पुन्हा पाच पडले आणि तिने पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून मोजायला सुरुवात केली. ती मजेत होती, जिंकायच्या नादात होती. तिथे मार्क नव्हते, घड्याळ नव्हतं, ओरडणारं कुणी नव्हतं. तरीही तिला पाच एका नजरेत ओळखता येत नव्हते.

त्याच वर्गात एक मुलगा आहे. फळ्यापाशी बोलावलं की त्याच्या हाताला घाम सुटतो आणि ४३ वजा १७ हटकून चुकतं. हाच मुलगा पन्नासची नोट घेऊन ३८ रुपयांचं सामान आणतो आणि उरलेले बारा रुपये दुकानातच मोजून घेतो.

दोघांच्याही प्रगतिपुस्तकात एकच शेरा आहे, ‘गणितात कच्चा’. पण दोघांचं दुखणं एक नाही. मुलाला गणिताची धास्ती आहे. मुलीच्या बाबतीत डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे गणन-अक्षमतेची शंका घ्यायला जागा आहे.

धास्ती काम कशी बिघडवते, ते आधी पाहू. हातच्याचं गणित करताना मधले आकडे थोडा वेळ डोक्यात धरून ठेवावे लागतात. ही जागा लहान असते. ‘चुकलो तर सगळे हसतील’ हा विचार तिथेच येऊन बसतो आणि हातचा निसटतो. भीती दूर केली की गणित परत येतं, कारण ते मुळात शिकलेलं असतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये शाळकरी मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. गणिताची तीव्र धास्ती असलेल्या त्यातल्या सुमारे ७७ टक्के मुलांची गणितातली कामगिरी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली होती. म्हणजे घाबरणारं मूल गणितात कच्चं असेलच असं नाही.

गणन-अक्षमतेत अडचण त्याआधीच्या पायरीवर असते. ‘आठ’ हा शब्द, ८ हा आकडा आणि आठ चिंचोके यांची गाठ पक्की बसत नाही. आठ हे दहाच्या जवळ आहेत, सातापेक्षा एकाने जास्त आहेत, हे आपोआप सुचत नाही. बुद्धीचा याच्याशी संबंध नसतो; अशी मुलगी गोष्टी उत्तम लिहीत असू शकते. साधारण शंभरातल्या तीन ते सहा मुलांना ही अडचण असते, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात दोन-तीन तरी निघतात.

मराठीत एक गुंता जास्तीचा आहे. ‘सदतीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि लिहिताना तीन आधी लिहायचे असतात, म्हणून ७३ लिहिलं जातं. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतात, म्हणून मूल ६९ लिहितं. बरं, नियम समजला म्हणावं तर ‘नव्व्याऐंशी’ आणि ‘नव्व्याण्णव’ तो मोडतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा भाषेच्या अभिमानापोटी केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकर यांच्या समितीला त्यातून मुलांची वाट सोपी करायची होती. मला विचाराल तर ती टीका वर्गात न बसलेल्यांचीच जास्त होती. मात्र दुसरीतल्या मुलाने सदतीसचे ७३ लिहिले म्हणून लगेच शंका घेऊ नये. बहुतेक मुलं त्यातून बाहेर येतात. व्यवस्थित शिकवूनही चौथी-पाचवीत तेच चालू असेल, तर थांबून पाहायला हवं.

पाहायचं कसं? मुलाला एकटं घ्या, घड्याळ बाजूला ठेवा आणि हे गुणांसाठी नाही असं सांगा. चार मणी क्षणभर दाखवून झाका. ६८ आणि ८६ मधली मोठी संख्या विचारा. वीसपासून उलटं म्हणायला सांगा. शेवटी आठ अधिक सात विचारा आणि उत्तरापेक्षा बोटांकडे लक्ष द्या. धास्ती असलेलं मूल या शांततेत खुलतं. आमची मुलगी शांतच होती. तिने आठ बोटं एकापासून मोजली, मग सात मोजली आणि मग सगळी पुन्हा एकापासून मोजली. अर्थात ही निदानाची चाचणी नव्हे. निदान तज्ज्ञच करतात, आणि त्याआधी डोळे, कान आणि बुडलेली शाळाही तपासावी लागते.

तिच्यासाठी आम्ही दहा घरांची चौकट आखली, पाच-पाचच्या दोन ओळी. आठ लाल मणी ठेवले की दोन घरं रिकामी दिसतात. शेजारी सात निळे मणी ठेवले. त्यातले दोन उचलून रिकाम्या घरांत टाकले. चौकट भरली, बाहेर पाच उरले. दहा आणि पाच, पंधरा. पहिले काही दिवस ती नुसते मणी हलवत होती. मग मण्यांऐवजी ठिपके काढले आणि त्यानंतर ८ + २ + ५ असं लिहिलं. इथे घाई झाली की सगळं फसतं. मणी आठवड्यातच काढून घेतले, तर मूल मुकाट्याने बोटांवर परततं.

मोठ्या संख्यांसाठी पुठ्ठ्याची कार्डं केली. ४० च्या रुंद कार्डावरच्या शून्यावर ७ चं अरुंद कार्ड ठेवायचं, की ४७ तयार. तोंडाने म्हणायचं, ‘चाळीस आणि सात, सत्तेचाळीस’. पाढ्यांचंही तसंच. सातचा पाढा ती सुरात म्हणायची, पण सात सक विचारलं की सात एके सातपासून निघायची. आता तिला पाचाचा टप्पा पक्का धरायला सांगितला आहे: सात पंचे पस्तीस, त्यात आणखी सात, बेचाळीस. शाब्दिक उदाहरण सोडवताना पाढ्यांचा तक्ता तिच्या बाकावरच असतो, कारण तेव्हा पाहायचं असतं ते तिला उदाहरण समजलं का, हे. वजाबाकी चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एकच अंक. आणि वीस गणितांऐवजी सहा.

मुलाला यातलं काहीच नको होतं. त्याला फळ्यावरून सुटका हवी होती. तो पाटीवर सोडवून बाईंना हळूच दाखवतो आणि हात वर केला तरच त्याला विचारतात. घड्याळ लावून घेतली जाणारी तोंडी गणितं बंद केली, ती दोघांसाठीही.

वर्षानुवर्षं न जमल्याने गणन-अक्षमता असलेली मुलंही पुढे घाबरू लागतात. तेव्हा भीतीच तेवढी नजरेत भरते. ‘मन शांत ठेव’ एवढंच सांगितलं, तर मूल शांतपणे एकापासून मोजत राहतं.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि डिस्कॅल्क्युलियाचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि कॅल्क्युलेटरसारख्या सवलती मागता येतात. पण मणी, चौकट आणि बाकावरचा तक्ता यांना कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही. शिक्षकांनो, तेवढं सोमवारीच सुरू करा.