हप्ता भरतोय, पण कर्ज हलत का नाही?

समजा, जालन्यात घरासाठी तुम्ही २० लाखांचं कर्ज घेतलंय. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता १७,९९५ रुपये. बँक आधी शिल्लक रकमेवर महिन्याचं पाऊण टक्का व्याज घेते, म्हणजे १५,०००. मुद्दलात जातात फक्त २,९९५. त्यामुळे पुढच्या महिन्याचं व्याज जेमतेम २२ रुपयांनी उतरतं! पाच वर्षांत तुम्ही जवळपास १० लाख ८० हजार भरता, पण मुद्दल फिटतं सव्वादोन लाखांच्या आसपास. निम्मा हप्ता मुद्दलात जायला तेरावं वर्ष उजाडतं. यात लबाडी नाही. शिल्लक मोठी, म्हणून व्याज मोठं. गंमत म्हणजे पहिल्याच हप्त्यासोबत पुढच्या महिन्याचं मुद्दल, ३,०१७ रुपये, जादा भरलं तर (दर तोच राहिल्यास) शेवटचा अख्खा हप्ता वाचतो. फक्त बँकेला लेखी सांगा: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.